शिवीतली जवळीक, शिवीची किंमत

न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनच्या एका साबण कारखान्यातल्या कामगारांचं बोलणं भाषाशास्त्रज्ञांनी ध्वनिमुद्रित केलं. २००४ साली त्यावर शोधनिबंध आला. तिथल्या एका घट्ट जमलेल्या गटात तक्रार करताना, नकार देताना शिव्या सर्रास येत. बाहेरच्यांशी बोलताना मात्र क्वचितच. कारण शिवी देणारा धोका पत्करतो. ‘तू राग धरणार नाहीस, चुगली करणार नाहीस’ हा विश्वास तो दाखवतो. समोरच्यानं तशीच परतफेड केली की तो विश्वास पक्का होतो. साहेबाशी ही देवाणघेवाण होत नाही. त्याला गटातला सहवास ठाऊक नसतो. दिसतो तो फक्त सुटलेला तोल, आणि बढती त्याच्याच हातात असते. समोरचा त्याच भाषेत उत्तर देत नसेल, तर तिथेच थांबावं.