खारपाटातली माती आणि मॅडमचं पत्र

‘सदर विद्यार्थिनी अत्यंत मेहनती, विनम्र आणि अभ्यासू असून तिला उज्ज्वल भविष्यासाठी शुभेच्छा.’ परदेशात पीएचडी करायला निघालेल्या विद्यार्थ्यांच्या अर्जांना जोडलेली कितीतरी शिफारसपत्रं याच वाक्याच्या आसपास घुटमळतात. मजकूर वाईट नाही, खोटाही नसतो. पण तो कुणालाही लागू पडतो. निवड समितीपुढे अर्जांचा गठ्ठा असतो, त्यातल्या बहुतेकांचे गुण चांगलेच असतात आणि सगळेच मेहनती असतात. मग या पत्रातून समितीला नवं काय कळलं? काहीच नाही.

गुणपत्रिका मार्क सांगते, संशोधन आराखडा पुढचा बेत सांगतो. विद्यार्थी प्रयोगशाळेत उभा राहून विचार कसा करतो, हे मात्र त्याच्या गाईडलाच ठाऊक असतं. शिफारसपत्र मागवतात ते एवढ्यासाठीच. मृदविज्ञानासारख्या विषयात तर हे फार नेमकेपणाने दाखवता येतं. ते कसं, हे एका कल्पित उदाहरणातून पाहू.

समजा, कोकणातली एक विद्यार्थिनी एमएस्सीला रायगडच्या खारपाटातल्या मातीवर काम करते आहे. भरतीचं पाणी आत आल्यामुळे या जमिनीत मीठ साठतं. तिला मोजायचा आहे सेंद्रिय कर्ब. त्यासाठी आपल्याकडच्या बहुतेक प्रयोगशाळांत वॉकली आणि ब्लॅक यांची 1934 सालची पद्धत वापरतात. मातीत पोटॅशियम डायक्रोमेट आणि तीव्र सल्फ्युरिक आम्ल घालायचं, अर्धा तास थांबायचं आणि किती डायक्रोमेट उरलं ते अनुमापनाने काढायचं. जितकं डायक्रोमेट खर्च झालं, त्यावरून मातीतल्या कर्बाचा हिशेब होतो.

ऑक्टोबरमध्ये, पावसाने मीठ धुऊन गेल्यावर, एका प्लॉटचा सेंद्रिय कर्ब 0.70 टक्के आला. त्याच प्लॉटचा मे महिन्यातला आकडा आला 0.80. मधल्या काळात शेतात शेणखत नाही की हिरवळीचं खत नाही. दुसऱ्या कुणी सरासरी काढली असती आणि तक्ता पुरा केला असता. ही थांबली. आधी तिने ब्लँक तपासला, मग नमुने पुन्हा चालवले. आकडा तोच. तेव्हा तिला शंका आली ती मिठाची. उन्हाळ्यात खालचा क्षार वर चढून पृष्ठभागावर साचतो आणि मिठातलं क्लोराइडही डायक्रोमेट खातं. हिशेबात तो खर्च कर्बाच्या नावावर जमा होतो.

तिने मातीतलं क्लोराइड मोजलं. ते 1.2 टक्के भरलं. क्लोराइडच्या टक्केवारीला साधारण 12 ने भागून येणारा आकडा कर्बातून वजा करायचा, ही जुनी दुरुस्ती आहे. म्हणजे 0.10 वजा. उरले 0.70. पुढच्या नमुन्यांत तिने आम्लात सिल्व्हर सल्फेट मिसळलं. त्यामुळे क्लोराइड चांदीशी जोडलं जाऊन बाजूला पडतं. आकडे जुळले. हा फरक कागदापुरता नाही. आपल्याकडच्या प्रचलित वर्गवारीत 0.50 ते 0.75 टक्के कर्ब म्हणजे ‘मध्यम’ आणि त्यावर ‘जास्त’. चुकीच्या आकड्यावर भरवसा ठेवला असता, तर तीच जमीन वरच्या वर्गात गेली असती आणि शेतकऱ्याला नत्राची मात्रा कमी करायला सांगितली गेली असती.

आता हाच प्रसंग मॅडमनी पत्रात चार-पाच वाक्यांत लिहिला, तर समितीतल्या मृदशास्त्रज्ञाला ‘अभ्यासू’ हा शब्द वाचावाच लागत नाही. न पटणारा आकडा हिने लपवला नाही, कारण शोधलं, ते मोजून सिद्ध केलं आणि पद्धत बदलली, हे त्याला दिसतं. पीएचडीची तीन-चार वर्षं याच कामात जाणार असतात.

चांगल्या पत्रात आणखी दोन गोष्टी लागतात. पहिली, तुलना. ‘आमची सर्वोत्तम विद्यार्थिनी’ म्हणजे कितीजणांत? ‘गेल्या दहा वर्षांत मी मार्गदर्शन केलेल्या वीस एमएस्सी विद्यार्थ्यांत पहिल्या तिघांत’ असं लिहिलं की वाक्याला वजन येतं. कृषी विद्यापीठांची दहापैकी गुण देण्याची पद्धत परदेशी वाचकाला माहीत असेलच असं नाही, 8.4 म्हणजे त्या तुकडीत कितवा क्रमांक, तेही एका ओळीत सांगावं. दुसरी गोष्ट, उणीव. हिला संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर वापरायला वेळ लागला, पण शेवटच्या सत्रात विश्लेषण तिने एकटीने केलं, असं प्रांजळपणे लिहिलेलं पत्र निव्वळ स्तुतीपेक्षा जास्त विश्वासार्ह वाटतं.

प्रवेशाचं पत्र आणि शिष्यवृत्तीचं पत्र यांतही फरक आहे. विद्यापीठाला हवा असतो संशोधक. शिष्यवृत्ती देणारी संस्था पैसे गुंतवते, म्हणून तिला आणखी विचारायचं असतं: हे काम याच देशात, याच प्रयोगशाळेत का? आणि त्याचा उपयोग पुढे कुणाला? खारपाटाच्या उदाहरणात उत्तर सरळ आहे. समुद्रकाठच्या क्षारपड जमिनीत कर्ब कसा टिकतो, याचा अभ्यास नेदरलँड्ससारख्या देशात जुना आहे आणि ती माहिती कोकणच्या भातशेतीला लागते. एवढा दुवा मॅडमनी जोडून द्यावा. बाकीचा आराखडा विद्यार्थिनीने स्वतःच मांडलेला असतो, तो पत्रात पुन्हा उतरवू नये.

शब्दांची निवडही तपासून पाहावी लागते. भूविज्ञानातल्या पोस्ट-डॉक्टरल शिष्यवृत्तीसाठी 54 देशांतून आलेल्या 1,224 शिफारसपत्रांचा अभ्यास 2016 साली ‘नेचर जिओसायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ‘उत्कृष्ट’ दर्जाचं पत्र मिळण्याची शक्यता स्त्रियांच्या बाबतीत पुरुषांच्या जवळपास निम्मी आढळली. पत्र लिहिणारा पुरुष असो वा स्त्री, फरक तोच. ‘मनमिळाऊ’ आणि ‘कष्टाळू’वर थांबलेलं पत्र मुलीचं नुकसान करतं, भले लिहिणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असो.

यातली सगळ्यात मोठी अडचण मात्र घरचीच आहे. ‘तूच लिहून आण, मी सही करते,’ हे वाक्य आपल्या विभागांतून सर्रास ऐकू येतं. विद्यार्थी इंटरनेटवरचा नमुना उचलतो आणि दोन वेगळ्या प्राध्यापकांच्या पत्रांत एकच परिच्छेद उतरतो. समितीच्या ते लगेच लक्षात येतं. शिवाय आता अनेक ठिकाणी पत्र विद्यार्थ्याच्या हाती येतच नाही; शिफारस करणाऱ्याच्या ईमेलवर लिंक जाते आणि पत्र त्यांनीच अपलोड करायचं असतं. तिथे विद्यापीठाचा अधिकृत ईमेल पत्ता द्यावा, खासगी पत्त्यावरून आलेल्या पत्राकडे संशयाने पाहिलं जातं.

म्हणून पत्र मागायला जाणाऱ्यांनी मुदतीच्या निदान महिनाभर आधी जावं. सोबत संशोधन आराखडा, गुणपत्रिका, प्रबंधाचा सारांश आणि शिष्यवृत्तीचे निकष न्यावेत. प्रयोगशाळेतले दोन-तीन प्रसंग तारखांसह एका कागदावर लिहून द्यावेत. गाईडच्या हाताखाली अनेक विद्यार्थी असतात, सगळं लक्षात राहत नाही. आणि लिंक पाठवल्यावर दोन दिवसांनी मॅडमना नम्रपणे एक फोन करावा, कारण असे ईमेल पुष्कळदा स्पॅममध्ये जाऊन पडतात.