आठवड्याचं पाकीट रोज घेतलं, तर?

‘डी थ्री’चं पाकीट आता बहुतेक घरांत पोचलंय. एक ग्रॅमभर गोड दाणे, दुधात ढवळायचे आणि प्यायचे. कॅप्सूल असेल तर तीही वाटाण्याएवढीच. दोन्हींवर छापलेला आकडा मात्र ६०,००० युनिट असतो. गैरसमजाची सुरुवात तिथूनच होते, म्हणून वाचकांच्या नेहमीच्या शंकांना इथे सविस्तर उत्तरं देतो आहे.

६०,००० युनिट म्हणजे नेमकं किती?

वजनात मोजलं तर दीड मिलिग्रॅम. चिमटीतही येणार नाही इतकं. पण शरीराच्या हिशोबात ते फार आहे. आयसीएमआरच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाची रोजची गरज ६०० युनिट आहे आणि डॉक्टरी देखरेखीशिवाय रोज ४,००० च्या वर जाऊ नये, अशी मर्यादा घातलेली आहे. म्हणजे एका पाकिटात साधारण शंभर दिवसांची गरज भरलेली असते.

कमतरता असेल तेव्हा डॉक्टर आठवड्याला एक पाकीट, असे सहसा आठ आठवडे देतात. एकूण झाले ४ लाख ८० हजार युनिट. आठवड्याचा डोस सात दिवसांवर वाटला तरी रोजचे साडेआठ हजारांच्या आसपास येतात, म्हणजे वरच्या मर्यादेच्या दुप्पट. रिकामी टाकी भरायला ते चालतं, पण ठरावीक काळापुरतंच. हा कोर्स आहे, रतीब नव्हे. तेच पाकीट कोणी रोज घेऊ लागलं तर आठ आठवड्यांत ३३ लाख ६० हजार युनिट पोटात जातात.

पण जीवनसत्त्व जास्त झालं तर लघवीवाटे निघून जातं ना?

बी आणि सीच्या बाबतीत बऱ्याच अंशी खरं आहे. डी मात्र चरबीत विरघळतं आणि चरबीतच साठतं. यकृत त्याला एक रूप देतं, आणि आपण लॅबमध्ये ‘व्हिटॅमिन डी’ची तपासणी करतो ती याच साठवणीच्या रूपाची. पुढचा टप्पा किडनीत होतो. तिथे ते खरं कामाचं, तीव्र रूप घेतं आणि आतड्याला सांगतं, की अन्नातलं कॅल्शियम ओढून घे.

किडनीतल्या या टप्प्यावर पहारा असतो. रक्तात कॅल्शियम पुरेसं झालं की गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी आपलं संप्रेरक कमी करतात आणि किडनी हे तीव्र रूप बनवणं थांबवते. एरवी ही व्यवस्था चोख चालते. उन्हात कितीही वेळ काढला तरी केवळ त्याने विषबाधा होत नाही, कारण त्वचाही जास्तीचा माल स्वतःच मोडून टाकते.

मग हा पहारा मोठ्या डोसपुढे का टिकत नाही?

कारण साठवणीचं रूपही अगदीच निरुपद्रवी नसतं. ते दुबळं असतं, पण तेच काम करू शकतं. रक्तात ते एरवीच्या अनेकपट झालं की त्याचा दुबळेपणा संख्येने भरून निघतो. शिवाय रक्तातल्या वाहक प्रथिनांवर गर्दी करून ते तीव्र रूपाला मोकळं सोडतं. पॅराथायरॉइडचं संप्रेरक तळाला गेलेलं असतं, किडनीने आपला टप्पा बंद केलेला असतो, आणि तरीही आतडं कॅल्शियम ओढतच राहतं. हाडांतूनही कॅल्शियम बाहेर काढलं जातं. म्हणून केवळ दूध-दही बंद करून भागत नाही. हाडं मजबूत व्हावीत म्हणून घेतलेलं औषध हाडांतलाच ऐवज रक्तात आणून ओततं.

किडनीचं नुकसान कसं होतं?

रक्तातलं कॅल्शियम साधारण साडेआठ ते साडेदहा मिलिग्रॅम असावं, दर १०० मिलिलिटरला. ते बाराच्या वर गेलं की किडनीची पाणी राखून ठेवायची ताकद ढासळते. मेंदूकडून ‘पाणी वाचव’ असा निरोप येत असतो, पण किडनीच्या नलिका तो ऐकत नाहीत. लघवी भरमसाट होते, रात्री तीन-चारदा उठावं लागतं, घशाला कोरड पडते. त्याच वेळी जास्त कॅल्शियममुळे मळमळ, उलट्या आणि हट्टी बद्धकोष्ठ सुरू होतं. म्हणजे पाणी बाहेर जातंय भराभर आणि आत येतंय थोडंच.

इथून एक दुष्टचक्र फिरू लागतं. शरीर सुकलं की किडनी मीठ वाचवायला बघते आणि मिठाबरोबर कॅल्शियमही परत रक्तात घेते. त्यामुळे कॅल्शियम आणखी चढतं. चढलेलं कॅल्शियम किडनीला रक्त पुरवणाऱ्या बारीक धमन्या आवळतं. गाळणीपर्यंत रक्तच कमी पोचतं आणि क्रिएटिनिन वर जातं.

इथपर्यंतचं नुकसान वेळेत उपचार झाले तर बरंचसं भरून येतं. खरी भीती त्यापुढची आहे. कॅल्शियम आणि फॉस्फेटचे कण नलिकांत आणि आसपासच्या पेशींत बसू लागतात. सोनोग्राफीत किडनीच्या आतल्या भागात पांढरी चमक दिसते ती याचीच. कधी मुतखडे होतात. हे साचलेले क्षार आणि त्याभोवती झालेले व्रण पूर्ववत होतीलच असं नाही.

एखादं उदाहरण?

अशा रुग्णांत वारंवार दिसणारं चित्र एका प्रातिनिधिक उदाहरणातून सांगतो. पासष्टीच्या एक आजी. गुडघे-कंबर दुखते म्हणून तपासणी झाली, डी १४ निघालं. चिठ्ठीवर आठवड्यातून एकदा पाकीट आणि रोज एक कॅल्शियमची गोळी. रक्तदाबासाठी क्लोरथॅलिडोन आधीपासून चालू. आजींनी पाकीटही रोज रात्री दुधातून घेतलं. संपली की केमिस्टकडून आणखी आणली, जुन्या चिठ्ठीवर.

अडीच महिन्यांनी जेवण तुटलं. पोट साफ होईना म्हणून चूर्ण सुरू झालं. रात्री सारखं उठणं हे वयाचं आणि साखरेचं समजून साखर तपासली, ती ठीक निघाली. मग एक दिवस त्या घरच्यांची नावं चुकवू लागल्या. दाखल केल्यावर कॅल्शियम १३.६, आणि वर्षापूर्वी ०.९ असलेलं क्रिएटिनिन २.४.

आता पुढची तपासणी महत्त्वाची. वाढलेल्या कॅल्शियमची कारणं अनेक. पॅराथायरॉइडची गाठ असेल तर त्या संप्रेरकाची पातळी वरच्या बाजूला असते. इथे ती तळाला गेलेली होती. कॅन्सरमध्येही ती तळाला जाते, म्हणून डीची पातळी पाहिली. ती होती १५० च्या वर, लॅबच्या यंत्राच्या मोजमापाबाहेर. मग कोणीतरी उशाशी असलेली पाकिटं दाखवली. ती आधी दाखवली असती तर निम्म्या तपासण्या वाचल्या असत्या. पण डीची पाकिटं आपल्याकडे ‘औषध’ म्हणून सांगितलीच जात नाहीत. ‘काही चालू नाही हो, फक्त ताकदीचं.’

क्लोरथॅलिडोनचाही यात हात होता. त्या गटातल्या रक्तदाबाच्या गोळ्या लघवीतून जाणारं कॅल्शियम अडवून ठेवतात.

उपचार काय?

डी, कॅल्शियम आणि ती रक्तदाबाची गोळी बंद. आधी सलाईन, भरपूर, पण हृदयावर भार येणार नाही इतकं. सुकलेली किडनी ओली झाली की कॅल्शियम बाहेर पडू लागतं. लघवी वाढवणारं इंजेक्शन पाणी भरून काढण्याआधी दिलं तर उलट नुकसान होतं. लवकर उतार हवा असेल तर कॅल्सिटोनिन, आतड्यातलं शोषण कमी करायला स्टिरॉइड, हाडांतून होणारी गळती थांबवायला बिसफॉस्फोनेट, तेही किडनीची अवस्था पाहून. फारच हाताबाहेर गेलं तर डायलिसिस.

औषध थांबवलं म्हणजे संकट टळलं, असं मात्र नाही. चरबीतला साठा आठवडेच्या आठवडे, कधी महिनोन्‌महिने, रक्तात झिरपत राहतो. २०१९ साली कॅनडातल्या डॉक्टरांनी ५४ वर्षांच्या एका पुरुषाची हकीकत प्रसिद्ध केली. त्याला ना कमतरता होती ना हाडांचा आजार. निसर्गोपचारकाच्या सल्ल्याने तो अडीच वर्षं रोज ८ ते १२ थेंब, म्हणजे ८,००० ते १२,००० युनिट, घेत होता. किडनीच्या तुकड्याच्या तपासणीत कॅल्शियम साचलेलं दिसलं. वर्षभराच्या उपचारांनंतरही किडनीचा जुनाट विकार मागे राहिलाच. त्याने कधी एकगठ्ठा मोठा डोस घेतला नव्हता, हे लक्षात घेण्यासारखं.

म्हणजे डी घेऊच नये?

असा अर्थ काढू नका. कमतरता खरोखर आहे आणि ती भरून काढलीच पाहिजे. नीट घेतलेल्या आठ पाकिटांनी किडनी बिघडत नाही. पण काश्मीरमध्ये, जिथे ही कमतरता सर्रास आहे, तिथल्याच डॉक्टरांनी २०११ मध्ये डीच्या विषबाधेच्या रुग्णांची मालिका प्रसिद्ध केली होती. माझ्या मते दोष रुग्णाइतकाच चिठ्ठीचाही आहे. ‘आठवड्यातून एकदा’ हे शब्द घाईच्या इंग्रजी अक्षरात, आणि कधी थांबायचं ते कुठेच नाही. ६ लाख युनिटचं इंजेक्शन एकाने दिलेलं दुसऱ्याला ठाऊक नसतं, आणि वर पाकिटं सुरू होतात.

काहींनी तर नेहमीचा डोसही विचारल्याशिवाय घेऊ नये. मुतखड्याचा त्रास असलेले, किडनी आधीच कमजोर असलेले, आणि टीबी किंवा सारकॉइडोसिसचे रुग्ण. या दोन आजारांतल्या गाठी किडनीला न विचारता स्वतःच तीव्र रूप बनवतात, त्यामुळे थोड्या डीनेही कॅल्शियम चढू शकतं.

घरी काय करावं?

पाकिटं आणली की प्रत्येकावर पेनाने तारीख घाला, रविवार तर रविवार. शेवटच्या पाकिटावर ‘बंद’ लिहा. डॉक्टरांकडून थांबायची तारीख चिठ्ठीवर लिहून घ्या आणि इंजेक्शन झालं असेल तर तेही सांगा. कोर्सनंतर डी पुन्हा तपासायचं असेल तर कॅल्शियम आणि क्रिएटिनिनही त्याच रक्तातून करून घ्या.

आणि घरात कोणी रोज ६०,००० चं पाकीट घेत असल्याचं आज लक्षात आलं, तर बरं वाटत असलं तरी आजच थांबवा आणि दोन दिवसांत या तीनही तपासण्या करा. तहान, वारंवार लघवी, उलट्या किंवा गोंधळल्यासारखं वागणं असेल तर दोन दिवस थांबू नका. रिकामी पाकिटं पिशवीत घालून तडक रुग्णालयात न्या.