ईएसआय कार्डावर घरच्यांची नावे आहेत का?

चाकणच्या कारखान्यात महिना 18,000 रुपये पगार घेणाऱ्या एका कामगाराचे उदाहरण घेऊ. कर्मचारी राज्य विमा योजनेसाठी, म्हणजे आपल्या ईएसआयसाठी, त्याच्या पगारातून 0.75 टक्के म्हणजे 135 रुपये कापले जातात. मालक स्वतःचे 3.25 टक्के म्हणजे 585 रुपये भरतो. महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेले कामगार या योजनेत येतात. या पैशात कामगाराबरोबर त्याच्या कुटुंबाचाही उपचार होतो. मात्र घरच्यांची नावे नोंदलेली असली पाहिजेत.

पती किंवा पत्नी आणि अवलंबून असलेली मुले या कुटुंबात येतात. मुलगा शिकत असेल तर 21 वर्षांपर्यंत आणि मुलगी लग्न होईपर्यंत. आई-वडिलांचे सर्व मिळून उत्पन्न महिना 9,000 रुपयांपेक्षा जास्त नसेल, तर त्यांचाही समावेश होतो.

आता या कामगाराची बायको आणि मुले सोलापुरात राहतात असे समजा. अशा वेळी त्यांच्यासाठी सोलापूरचा दवाखाना वेगळा नोंदवता येतो. हे न केल्यास कुटुंबाच्या नावापुढे चाकणकडचाच दवाखाना राहतो आणि मूल तापले की सोलापुरात अडचण येते. म्हणून मालकाकडून ई-पेहचान कार्डाची प्रत घ्या. त्यावर प्रत्येकाचे नाव, जन्मतारीख आणि दवाखाना नीट वाचा. चूक असेल तर मालकाकडून किंवा ईएसआयच्या शाखा कार्यालयातून लगेच दुरुस्त करून घ्या.

आजारपणात पहिली पायरी म्हणजे नोंदलेला दवाखाना. काही ठिकाणी दवाखान्याऐवजी पॅनलवरचा खासगी डॉक्टर नेमलेला असतो. त्याच्याकडे कार्ड आणि आधार दाखवून उपचार मिळतात. दाखल करायची किंवा मोठ्या तपासणीची गरज असेल, तर तिथला डॉक्टर ईएसआय रुग्णालयाची चिठ्ठी देतो. ती सोय रुग्णालयात नसेल, तर तेच करार केलेल्या खासगी रुग्णालयात पाठवते आणि त्याचे बिल योजना भरते. पायऱ्या वगळून कामगार थेट खासगी रुग्णालयात गेला, तर बिल त्याच्याच अंगावर पडण्याची भीती असते. अँजिओप्लास्टी, कर्करोगावरचे उपचार अशा अतिविशेष उपचारांसाठी मात्र ठरावीक काळाची वर्गणी भरलेली असावी लागते. त्यामुळे नोकरी नवी असेल तर शाखेत आधी विचारून घ्यावे.

अपघात, हृदयविकाराचा झटका अशा वेळी चिठ्ठीसाठी थांबू नका, जवळचे रुग्णालय गाठा. पण दवाखान्याला किंवा शाखेला लगेच कळवा आणि तातडीचा दाखला, बिले व केसपेपर जपून ठेवा. परतफेड मिळते ती सरकारी दरांनी. खासगी रुग्णालयाने त्याहून जास्त आकारले, तर फरक कामगारालाच सोसावा लागतो.

पगारपत्रकात ईएसआयची कपात दिसत असेल, तर या आठवड्यात कार्ड तपासा. घरच्यांची नावे बरोबर असल्याची खात्री दुखणे येण्याआधीच करून घ्या.