परत आलेल्या नोंदीसाठी दीड दिवस

इमारतींच्या सांगाड्याचे आराखडे करणारे एक छोटे कार्यालय समजा. नऊ अभियंते, दोन प्रकल्पप्रमुख, एक हिशेबनीस आणि मालक. कोणी कोणत्या कामावर किती तास घालवले, याची टाइमशीट प्रत्येक जण भरतो. तीवरून ग्राहकांची बिले होतात आणि जादा तासांचा मोबदलाही ठरतो. अशा ठिकाणी बहुधा दोनच मुदती ठरलेल्या असतात: भरायची आणि मंजूर करायची. चुकलेली नोंद परत गेली तर ती कधी दुरुस्त व्हायची, हे कोणी ठरवलेलेच नसते. मग महिनाअखेरीला हिशेबनीस फोन करत बसतो.

म्हणून वेळापत्रक शेवटाकडून मागे आखावे. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत द्यावा लागतो. बँकेत पाठवायची यादी ५ तारखेला तयार हवी असेल, तर तासांचे आकडे ४ तारखेला पक्के झाले पाहिजेत. त्याआधी दुरुस्ती आणि फेरतपासणी, त्याआधी पहिली तपासणी. म्हणजे भरण्यासाठी १ तारखेची सकाळच उरते. महिनाभराचे तास त्या एका सकाळी आठवून लिहिले तर ते अंदाजच ठरतात, म्हणून नोंद रोज आणि मंजुरी दर आठवड्याला ठेवावी. सोमवारी सकाळी ११पर्यंत मागच्या आठवड्याची टाइमशीट सादर, सायंकाळी ६पर्यंत तपासणी, मंगळवारी दुपारी १पर्यंत दुरुस्ती, सायंकाळपर्यंत फेरतपासणी आणि बुधवारी दुपारी १२ वाजता कुलूप. सोमवारच्या सायंकाळपासून बुधवारच्या दुपारपर्यंतचा हा दीड दिवस परत आलेल्या नोंदींसाठीच राखलेला असतो. महिना आठवड्याच्या मध्येच संपला, तर उरलेल्या दिवसांची टाइमशीट १ तारखेला वेगळी सादर करावी.

तपासणारा कोण असावा? ज्याला ते काम माहीत आहे, तो. हिशेबनीस बेरीज आणि रजा जुळवू शकतो, पण एका तुळईच्या नकाशाला सहा तास लागणे वाजवी आहे का, हे प्रकल्पप्रमुखच सांगू शकतो. प्रमुखांनी स्वतःची टाइमशीट स्वतः मंजूर करायची नाही. एकाची दुसऱ्याने तपासावी. प्रत्येकाचा बदली तपासणाराही आधीच ठरलेला हवा. मुदत उलटली म्हणून नोंद आपोआप मंजूर होऊ देऊ नये. ती मालकाकडे जावी, नाहीतर न वाचलेले तास बिलात शिरतात.

आता परतीचा फेरा पाहू. एका अभियंत्याने आठवड्याचे ४४ तास ११ ओळींत भरले. त्यातली एक ओळ अशी: ‘गोदाम, तुळईचे नकाशे, ६ तास’. प्रमुखाला ठाऊक आहे की मंजूर झालेला नकाशा ग्राहकाने त्या आठवड्यात बदलायला लावला होता. मूळ काम ठरावीक रकमेचे आहे, तर मंजुरीनंतरच्या बदलांचे तासाला १,२०० रुपये वेगळे लागतात. तो तेवढीच ओळ परत पाठवतो आणि उरलेले ३८ तास मंजूर करतो. सोबत कारण लिहितो: ‘मूळ काम आणि ग्राहकाने सांगितलेला बदल वेगळा दाखवा.’ अभियंता मंगळवारी सकाळी त्या ओळीच्या दोन ओळी करतो: मूळ काम ४ तास, बदल २ तास. बिलात २,४०० रुपये येतात, एरवी ते मूळ रकमेत विरून गेले असते.

हे दोन तास प्रमुखाने स्वतःच बदलले असते तर काम लवकर झाले असते, पण ग्राहकाने बिलावर शंका काढल्यावर ते काम केलेल्या माणसाचे म्हणणे नोंदीत सापडले नसते. म्हणून तपासणाऱ्याला मंजूर करण्याचा किंवा परत पाठवण्याचा अधिकार द्यावा, आकडे बदलण्याचा नाही. तीच ओळ दुसऱ्यांदा परत गेली, तर तिसरी फेरी नको. मालकाने दोघांना समोर बसवून निकाल द्यावा. तोवर त्या ओळीचे बिल थांबवावे, माणसाचा पगार नाही. कुलूप लागल्यावर चूक सापडली, तर जुनी ओळ पुसू नये. पुढच्या आठवड्यात कारणासह वजा-अधिक नोंद करावी.

पद्धत नीट चालली आहे का, हे परतीच्या कारणांवरून कळते. बरेच जण एकाच कारणाने अडत असतील, तर दोष बहुधा कामांच्या यादीत असतो. वरच्या उदाहरणात ‘ग्राहकाने सांगितलेला बदल’ असा पर्याय यादीत असता, तर ती ओळ परत आलीच नसती. याउलट महिनोन्‌महिने एकही ओळ परत जात नसेल आणि सगळ्या मंजुऱ्या मुदतीच्या शेवटच्या पाच मिनिटांत होत असतील, तर तपासणारा वाचत नाही असे समजावे आणि त्याच्याकडच्या टाइमशीट कमी कराव्यात.