दोन ऑप्शन, एक वजाबाकी

निफ्टी येत्या तीन आठवड्यांत दोन-तीनशे पॉइंट वर सरकेल, असं एखाद्या ट्रेडरला वाटतं. त्याने नुसता कॉल विकत घेतला तर प्रीमियम जड पडतो आणि रोज थोडा थोडा झिजत जातो. म्हणून तो एक कॉल घेतो आणि त्याच एक्स्पायरीचा वरच्या स्ट्राइकचा दुसरा कॉल विकतो. विक्रीतून आलेल्या पैशाने खरेदीचा भार हलका होतो. या जोडीला व्हर्टिकल स्प्रेड म्हणतात, आणि तेजीच्या अंदाजाने कॉलची जोडी लावली की तिला बुल कॉल स्प्रेड म्हणतात.

आता त्याच्या हातात एक नाही, दोन ऑप्शन आहेत. प्रत्येकाचा डेल्टा, थीटा आणि व्हेगा वेगळा. ब्रोकरच्या स्क्रीनवर ते आकडे दोन ओळींत दिसतात. पण खात्यातला नफा-तोटा जोडीचा हलतो, एकट्या ओळीचा नाही. जोडीचा आकडा काढायला लागते ती वजाबाकी, पाचवीतल्या मुलालाही जमेल अशी. तिचा अर्थ लावताना मात्र बाजारात मुरलेले लोकही चुकतात.

एक उदाहरण आकड्यांनिशी पाहू. निफ्टीचा फ्युचर्स भाव २५,००० आहे, एक्स्पायरीला २१ दिवस आहेत आणि दोन्ही स्ट्राइकची आयव्ही १२ टक्के आहे. आयव्ही म्हणजे ऑप्शनच्या भावात बाजाराने धरलेली चढ-उताराची अपेक्षा. व्याजाचा किरकोळ परिणाम सोडून ब्लॅक-शोल्सच्या सूत्राने हिशेब केला, तर २५,००० चा कॉल सुमारे २८७ रुपयांना पडतो आणि २५,३०० चा १६३ रुपयांना. पहिला घेतला, दुसरा विकला, की जोडीचा खर्च १२४ रुपये. लॉट ७५ चा धरू. एक्स्चेंज तो अधूनमधून बदलतं, म्हणून प्रत्यक्ष सौद्यात चालू लॉटच घ्यावा. एका लॉटमागे ९,३०० रुपये गुंतले. जास्तीत जास्त तोटा तेवढाच, आणि एक्स्पायरीला निफ्टी २५,३०० च्या वर राहिला तर नफा १३,२०० रुपये.

घेतलेल्या कॉलचा डेल्टा ०.५०६ आहे. निफ्टी एक पॉइंट चढला की त्याचा भाव साधारण पन्नास पैशांनी वाढतो. थीटा उणे ६.८३, म्हणजे बाकी सगळं स्थिर राहिलं तर एका दिवसात पावणेसात रुपयांच्या आसपास झीज. व्हेगा २३.९२, म्हणजे आयव्ही १२ वरून १३ टक्के झाली की भाव जवळजवळ २४ रुपयांनी वाढतो. वरच्या कॉलचे हेच आकडे अनुक्रमे ०.३४५, उणे ६.३१ आणि २२.०८ असे आहेत.

तो वरचा कॉल विकलेला आहे, म्हणून त्याची तिन्ही चिन्हं उलटतात. डेल्टा उणे ०.३४५ होतो, थीटा अधिक ६.३१ आणि व्हेगा उणे २२.०८. चिन्हं उलटून झाल्यावर बेरीज करायची. जोडीचा डेल्टा ०.१६१, थीटा उणे ०.५२ आणि व्हेगा १.८४. लॉटच्या ७५ ने गुणलं की आकडे रुपयांत येतात: निफ्टीच्या दर पॉइंटमागे सुमारे १२ रुपये, दिवसाकाठी ३९ रुपयांची झीज, आणि आयव्हीच्या एका टक्क्यामागे १३८ रुपये. एकट्या कॉलचे हेच आकडे ३८ रुपये, ५१३ रुपये आणि १,७९४ रुपये होते. ट्रेडरने दिशेतला दोन-तृतीयांश वेग सोडून दिला. बदल्यात झीज आणि आयव्हीची जोखीम तेराव्या हिश्शावर आणली. स्प्रेडचा खरा सौदा हा आहे.

नवख्यांची चूक इथेच होते. ऑप्शन चेनवरचे ग्रीक नेहमी विकत घेणाऱ्याच्या बाजूने छापलेले असतात, तर पोझिशनच्या खिडकीत काही सॉफ्टवेअर चिन्ह आधीच उलटून दाखवतात. ते लक्षात आलं नाही की चिन्ह दोनदा उलटतं किंवा एकदाही उलटत नाही, आणि उत्तर ०.८५१ येतं. ही चूक ओळखणं सोपं आहे. बुल कॉल स्प्रेडचा डेल्टा घेतलेल्या कॉलच्या डेल्टापेक्षा कमी आणि शून्यापेक्षा जास्तच असायला हवा. ०.५०६ च्या वर गेलेला आकडा म्हणजे चुकलेलं चिन्ह.

दुसरी चूक इतकी ढोबळ नसते. स्क्रीनवर ०.५१ आणि ०.३४ असे दोनच दशांश दिसतात. त्यांची वजाबाकी ०.१७ येते, प्रत्यक्षात ती ०.१६१ आहे. मोठ्या आणि जवळजवळ सारख्या आकड्यांची वजाबाकी केली की मूळची बारीक चूक उत्तरात मोठी होऊन बसते. वरच्या स्ट्राइकमध्ये सौदे कमी होत असतील आणि स्क्रीनवरचा भाव दहा मिनिटांपूर्वीचा असेल, तर त्या शिळ्या भावातून काढलेली आयव्ही चुकते आणि तिच्यावर उभा असलेला थीटाही. अर्ध्या रुपयाच्या नेट थीटाचं चिन्ह पालटायला एवढी चूक पुरते. म्हणून शेवटच्या सौद्याचा भाव न घेता खरेदी-विक्रीच्या बोलींचा मध्य घ्यावा, दोन्ही ऑप्शनसाठी एकाच क्षणी.

आता खऱ्या गोम्याकडे. बाजारात एक समज घट्ट रुजला आहे: पैसे देऊन घेतलेला स्प्रेड, म्हणजे डेबिट स्प्रेड, काळाबरोबर झिजतो आणि पैसे हातात घेऊन केलेला क्रेडिट स्प्रेड काळाकडून रोज भाडं वसूल करतो. क्लासमध्ये, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हे नियमासारखं सांगितलं जातं. वजाबाकी मात्र तसं सांगत नाही.

याच दोन स्ट्राइकचे पुट घेऊ. २५,३०० चा पुट ४६३ रुपयांना विकला आणि २५,००० चा २८७ रुपयांना घेतला, तर १७६ रुपये हातात येतात. हा बुल पुट स्प्रेड, पक्का क्रेडिट स्प्रेड. घेतलेल्या पुटचा डेल्टा उणे ०.४९४. विकलेल्याचा उणे ०.६५५, चिन्ह उलटून अधिक. बेरीज ०.१६१, कॉलच्या जोडीइतकीच. व्याज बाजूला ठेवलं तर एकाच स्ट्राइकच्या कॉल आणि पुटचा थीटा सारखाच असतो, व्हेगाही सारखाच. त्यामुळे इथेही थीटा उणे ०.५२ आणि व्हेगा १.८४ येतो. १७६ रुपये खात्यात जमा झालेले असूनही ही जोडी रोज झिजते. दोन्ही स्प्रेड एकच सौदा आहेत. एकात पैसे आधी जातात, दुसऱ्यात आधी येतात.

मग थीटाचं चिन्ह ठरतं कशाने? निफ्टी कोणत्या स्ट्राइकच्या जवळ आहे, त्याने. ऑप्शनचं कालमूल्य भाव स्ट्राइकवर असताना सर्वांत जास्त असतं, म्हणून झीजही तिथेच सर्वांत वेगवान आणि व्हेगाही तिथेच सर्वांत मोठा. निफ्टी २५,००० ला असताना घेतलेला ऑप्शन त्या शिखरावर आहे आणि विकलेला थोडा दूर. म्हणून जोडी झिजते. निफ्टी त्याच दिवशी २५,३०० वर गेला असं धरून हिशेब पुन्हा केला, की घेतलेल्याचा थीटा उणे ६.३१ होतो आणि विकलेल्याचा अधिक ६.९२. नेट थीटा अधिक ०.६१. व्हेगा २२.०८ वजा २४.२१, म्हणजे उणे २.१३. दोन्ही चिन्हं पालटली. जी जोडी काल दिवसाला ३९ रुपये घालवत होती, ती आता साधारण ४५ रुपये कमावते, आणि आयव्ही वाढली तर तिला आता तोटा होतो. मधे, साधारण २५,१५० च्या आसपास, दोन्ही आकडे शून्याजवळून जातात.

डेल्टा मात्र या प्रवासात जागचा हलला नाही. २५,३०० ला तो ०.१६० आहे. जोडीची किंमत १२४ वरून १७३ झाली, म्हणजे ४९ रुपयांची वाढ, ०.१६१ गुणिले ३०० केलं तरी ४८ येतात. एक्स्पायरीला तीन आठवडे असताना स्प्रेडचा डेल्टा असा संथ असतो. शेवटच्या दिवसात हे सगळं बदलतं. एक दिवस उरला आणि निफ्टी २५,३०० वर असला, तर डेल्टा ०.४७ वर पोचतो आणि नेट थीटा अधिक २६ च्या पुढे जातो.

उरतो व्हेगा, आणि तिन्हींत सर्वांत सावधपणे वाचायचा आकडा हाच आहे. डेल्टांची बेरीज निर्धास्त करता येते, कारण दोन्ही ऑप्शन एकाच निफ्टीवर आहेत. थीटांचीही करता येते, कारण एक्स्पायरी एक आणि दिवसही एकच. व्हेगाच्या बेरजेत मात्र एक गृहीतक दडलेलं आहे: दोन्ही स्ट्राइकची आयव्ही एकाच मापाने हलेल. बाजार असं वचन देत नाही. निफ्टीमध्ये खालच्या स्ट्राइकची आयव्ही सहसा वरच्यापेक्षा जास्त असते, आणि हा उतार मोठ्या घटनांच्या आसपास आकार बदलतो. ४ जून २०२४ ला लोकसभेचा निकाल लागला तेव्हा निफ्टी जवळपास सहा टक्के कोसळला. दुसऱ्या दिवशी तो तीन टक्क्यांहून जास्त सावरला आणि इंडिया व्हिक्स एका दिवसात पाव भागाहून अधिक उतरला. अशा दिवशी प्रत्येक स्ट्राइकची आयव्ही बरोबरीने उतरेल, अशी अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही.

आपल्या उदाहरणात समजा २५,००० ची आयव्ही एका टक्क्याने उतरली आणि २५,३०० ची अर्ध्याच टक्क्याने. घेतलेल्या ऑप्शनवर २३.९२ रुपये गेले, विकलेल्यावर ११.०४ मिळाले. निव्वळ तोटा १२.८८ रुपये, लॉटमागे ९६६. नेट व्हेगा सांगत होता १३८. आकडा खोटा नव्हता. २४ आणि २२ चे दोन मोठे आकडे एकमेकांना छेदून १.८४ झाले होते आणि ते छेदणं आयव्ही बरोबरीने हलण्यावर उभं होतं. म्हणून अनुभवी ट्रेडर वहीत नेट डेल्टा आणि नेट थीटा एकेका रकान्यात लिहितो, व्हेगासाठी मात्र तीन रकाने ठेवतो: घेतलेल्याचा, विकलेल्याचा आणि शेवटी निव्वळ. निवडणूक, अर्थसंकल्प किंवा रिझर्व्ह बँकेचं पतधोरण तोंडावर असेल, तर तो तिसऱ्या रकान्याआधी पहिले दोन वाचतो.