‘हे जरा लावून द्या’

रविवारी रात्री मॅडमचा व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉट येतो. गूगल कॅलेंडरचा अख्खा आठवडा रंगीत चौकोनांनी गच्च भरलेला, आणि खाली एवढंच: ‘हे जरा लावून द्या.’ अशा वेळी लगेच प्रश्नांची सरबत्ती करू नये. ज्यांना नीट सांगायला सवड नाही, त्यांना उत्तरं द्यायला तरी कुठून मिळणार? आधी चित्र वाचावं.

भरीव रंगाचा चौकोन म्हणजे ठरलेली बैठक. नुसती रंगीत कड असेल तर निमंत्रणाला अजून उत्तर गेलेलं नाही, आणि नावावर काट असेल तर नकार आधीच कळवलेला आहे. एवढं ओळखलं की गर्दी बरीच विरळ होते.

समजा, मॅडम पुण्यातल्या एका कंपनीत विक्रीप्रमुख आहेत. बुधवारी चार वाजता तीन चौकोन दाटीवाटीने शेजारी बसलेत: वितरकाची भेट, टीमची साप्ताहिक बैठक आणि कड असलेलं एक ट्रेनिंग. हा घोळ कुणालाही दिसेल. मंगळवारचा मात्र दिसत नाही. ११ ते १२ चाकणला ग्राहकाच्या कारखान्यात आणि १२ वाजता बाणेरच्या ऑफिसात अकाउंट्सबरोबर मीटिंग. चौकोन एकाखाली एक नीट बसलेत, पण मधला तासाभराचा रस्ता कॅलेंडरला ठाऊक नाही. सगळ्यात मोठी गोम वरच्या पट्टीत असते, जिथे दिवसभराच्या नोंदी येतात. शुक्रवारी तिथे ‘तिमाही अहवाल’ आहे आणि तो लिहायला आठवड्यात कुठेच जागा ठेवलेली नाही. माझ्या मते मॅडमनी चित्र पाठवलं ते बहुधा यामुळेच.

आता हलवाहलव. बाहेरच्या माणसाला दिलेली वेळ शक्यतो तशीच ठेवावी आणि घरच्या बैठका सरकवाव्यात. मग उत्तर असं जातं: ‘मॅडम, मंगळवारी अकाउंट्स १२ ऐवजी ३ वाजता. बुधवारी ४ ला वितरक, टीमची बैठक गुरुवारी १० ला, ट्रेनिंगला नाही कळवते. गुरुवारी २ ते ५ अहवालासाठी राखून ठेवते. टीमची बैठक तुम्हीच बोलावली आहे ना? बाकी चालेल?’

प्रश्न एकच, कारण बैठक कुणी बोलावली हे चौकोनावर दिसत नाही. सकाळी आठच्या आधीचा भाग चित्राबाहेर राहिलाय का, हे मात्र डावीकडच्या तासांवरून कळतं. अक्षरं पुसट असतील तर चित्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवावं. फोटो म्हणून पाठवलं की व्हॉट्सॲप ते दाबून लहान करतं.

होकार येईपर्यंत कॅलेंडरला हात लावू नये. बैठक सरकवली की बोलावलेल्या सगळ्यांना ईमेल जाऊ शकतो, आणि तो परत घेता येत नाही. टीमची बैठक दर आठवड्याची आहे, म्हणून ती हलवताना फक्त याच आठवड्याची निवडावी, नाहीतर पुढचे सगळे बुधवारही गुरुवारी जाऊन बसतात.