एआयला दुकानाची पाटी सांगताना नाव शेवटी का लिहायचं?

नंदुरबार लाल मिरचीच्या बाजारासाठी ओळखलं जातं. समजा, तिथे कुणी 'मिरची भांडार' नावाचं दुकान काढतंय आणि पाटी रात्री कशी दिसेल, हे ती बनवायला टाकण्याआधी एआयच्या चित्रात पाहायचंय. बहुतेक जण एकाच वाक्यात सगळं मागतात. चित्र झकास येतं, पण पाटीवर 'मीरची भाडार' असतं. कारण चित्र बनवणारं मॉडेल टाइप करत नाही, अक्षरांचा आकार रंगवतं. त्यात वेलांटीची बाजू बदलते, अनुस्वार गळतो, जोडाक्षर असेल तर तुटतं.

म्हणून आधी कोरी पाटी मागवावी:

```
नंदुरबारच्या बाजारपेठेतलं दुमजली घर, तळमजल्यावर
मिरचीचं दुकान, शटर उघडं. समोरून, डोळ्याच्या उंचीवरून
फोटो. शटरवर 10 फूट x 3 फूट गडद लाल पाटी, पूर्ण कोरी.
रात्री 8 ची वेळ. पाटीवर वरून तीन दिवे, उजेड पिवळसर,
खाली ओट्यापर्यंत. विजेच्या तारा, उडालेला रंग दिसू दे.
```

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. ते नसेल तर रस्ता मॉलसारखा गुळगुळीत येतो. आणि नुसतं 'सुंदर लाइटिंग' म्हटलं की पाटी आपोआप चमकते, दिवा मात्र कुठेच नसतो. दिवे किती आणि कुठे, हे सांगावंच लागतं.

आता नाव. कॅन्व्हासारख्या ॲपमध्ये 'बलू' किंवा 'मुक्त' हा देवनागरी फॉन्ट घेऊन ते टाइप करावं, पीएनजी करून कोऱ्या पाटीवर बसवावं. मग तेच चित्र एआयला परत देऊन सांगावं: 'अक्षरांचा आकार बदलू नकोस. त्यांना दोन इंच जाडी दे, वरच्या दिव्यांची सावली खाली पाड.' उत्तर आलं की चित्र मोठं करून एकेक अक्षर मूळ फाइलशी ताडावं, कारण इथेही मॉडेल कधी कधी हात मारतं. सावली वर पडली असेल तर दिव्यांची जागा चुकली, असं समजावं.

खाली इंग्रजी नाव हवं असेल तर कायदा पाहावा. महाराष्ट्रात 2022 च्या दुरुस्तीपासून दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी बंधनकारक आहे. मराठी नाव सुरुवातीला हवं आणि इतर भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान नको. हे प्रमाण चित्रातच तपासलं तर पाटी दुसऱ्यांदा करण्याचा खर्च वाचतो.

एवढं करूनही हे चित्र पाटीवाल्याला मोजमाप म्हणून देता येत नाही. त्याला टाइप केलेल्या नावाची व्हेक्टर फाइल आणि शटरवरच्या जागेचं टेपने घेतलेलं माप लागतं. चित्र फक्त रंग, दिवे आणि अक्षरांची जाडी ठरवायला.